इडलीसोबतची चटणी आणि सांबार: खवलेल्या नारळावरून फॅट कसं काढायचं?

सईची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला प्रश्न विचारतेय. बाबा (वय ६८) सध्या आमच्याकडेच असतात, त्यांची मागच्या महिन्यात अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी फॅट मोजून खायला सांगितलंय, त्यातही नारळ, तूप, साय वगैरे बेताने. आमच्याकडे दर रविवारी इडली सांबार चटणी असतेच आणि बाबांना ती इतकी आवडते की बंद करायचं माझ्या जिवावर येतंय. म्हटलं आधी नीट मोजूया तरी. मोबाईलवर शोधलं तर एके ठिकाणी दोन चमचे नारळाची चटणी म्हणजे ३० कॅलरी, दुसरीकडे तीच ९०, तिसरीकडे वाटीभर चटणी ११०, म्हणजे कशाचा कशाला मेळ नाही. चटणीत नारळ किती आणि पाणी किती हे कुणी लिहीतच नाही.

माझी चटणी अशी: एक वाटी खवलेला नारळ, दोन मोठे चमचे पंढरपुरी डाळं, दोन मिरच्या, आल्याचा तुकडा, मूठभर कोथिंबीर, मीठ, लिंबू, आणि वरून दोन छोटे चमचे तेलाची मोहरी उडीदडाळ कढीपत्त्याची फोडणी. चौघांत संपते. सांबारात मी नारळ घालत नाही पण शेजारच्या मावशी घालतात आणि बाबांना त्यांचं सांबार जास्त आवडतं 🙂 तर खवलेल्या नारळावरून हिशोब करून माणशी किती फॅट आणि किती कॅलरी जातात ते काढता येईल का? कुणी केलंय का?

कोल्हापुरी_ठसका

ताई नारळपाणी बिनधास्त द्या, त्यात फॅट नसतं. माझ्या वडिलांना डॉक्टरांनीच सांगितलं होतं रोज एक शहाळं.

सईची_आई

@कोल्हापुरी_ठसका धन्यवाद, पण मी पाण्याबद्दल नाही, चटणीतल्या खोबऱ्याबद्दल विचारतेय.

दाणेकूट

नारळात कोलेस्टेरॉल शून्य असतं हो, उगाच बदनाम केलाय. कुठल्याच झाडापासून मिळणाऱ्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं. शिवाय नारळाचं फॅट थेट लिव्हरला जाऊन जळतं, अंगाला लागत नाही. अख्खं केरळ खातंय. आणि एवढीच भीती वाटत असेल तर नारळाऐवजी शेंगदाण्याची चटणी करा, आम्ही तीच करतो, नारळापेक्षा कितीतरी हलकी पडते.

विळीखवणी

सई, प्रश्न चांगला आहे आणि उत्तर घरच्या घरी काढता येतं. मी फूड टेक्नॉलॉजी शिकवायचे, आता निवृत्त आहे, त्यामुळे हे असले हिशोब करायला मला मनापासून आवडतात.

पहिली गोष्ट म्हणजे "एक वाटी" हे माप विसर. खवलेला नारळ भुसभुशीत असतो, हलक्या हाताने भरला तर वाटीत कमी मावतो, दाबून भरला तर दीडपट. किचनचा वजनकाटा असेल तर तू नेहमी भरतेस तशी वाटी भर आणि वजन सांग. नसेल तर शेजारी माग, नाहीतर वाण्याच्या काट्यावर करून आण, पण एकदा कर.

दुसरं, नारळाच्या किसाचे दोन आकडे सगळीकडे फिरतात. अमेरिकन तक्त्यात १०० ग्राम ओल्या खोबऱ्याला ३५४ कॅलरी आणि ३३.५ ग्राम फॅट. आपल्याकडच्या जुन्या, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात ४४४ कॅलरी आणि ४१.६ ग्राम फॅट. बघणाऱ्याला वाटतं यातला एक चुकीचा असणार. पण शेजारचा पाण्याचा रकाना बघ. अमेरिकन नमुन्यात ४७ टक्के पाणी होतं, आपल्या नमुन्यात ३६ टक्के. आता पाणी वजा करून जे कोरडं उरतं त्यात फॅट किती ते काढलं तर पहिल्यात सुमारे ६३ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे ६५ टक्के येतं. आणि सुक्या खोबऱ्याचा आकडा घेतला, १०० ग्रामला ६२.३ फॅट आणि पाणी जेमतेम चार टक्के, तर तिथेही ६५च येतं. म्हणजे खोबरं ओलं असो की सुकं, कोरड्या भागात साधारण पावणेदोन तृतीयांश... नाही, चुकलं, जवळपास दोन तृतीयांश फॅट. बदलतं ते फक्त पाणी.

म्हणून तुझ्या नारळात पाणी किती ते कळलं की फॅट कळलं.

अण्णा_दापोली

विळीखवणी ताईंनी लिहिलंय ते आम्हा बागायतदारांना हाताने कळतं. झाडावरून उतरवून आठवडाभरात फोडलेला नारळ आणि माळ्यावर तीन महिने राहिलेला असोला नारळ यांच्या खोबऱ्यात जमीनअस्मानाचा फरक. ताज्याचं खोबरं खवताना दूध सुटतं, बोटं ओली होतात. जुना नारळ हलवला की आत पाणी खळखळतं, म्हणजे पाणी आटून वर जागा झालेली असते, त्याचं खोबरं जाड, घट्ट, खवलं की बोटांना तेलकट लागतं. आणि पार गोटा झाला की खवणीवर चालतच नाही, किसणीच लागते. कोवळ्याचा तर प्रश्नच नाही, त्याची मलई चमच्याने निघते, तिच्यात तेल असतंच कुठे. आमच्याकडे चटणीला नेहमी जून पण ओला नारळ घेतात, कोवळ्याची चटणी पाणचट होते.

आमच्याकडे खवलेल्याला चव म्हणतात, "नारळाचा चव काढून ठेव" असं. तुमच्याकडे खोबरं म्हणजे बहुतेक सुकं खोबरं समजतात, हिशोबात तेवढा घोळ घालू नका म्हणजे झालं.

निमिष७७

अण्णा, आमच्या घाटावर खोबरं म्हणजे सुकंच. सासूबाई कोकणातल्या, त्यांनी "खोबरं आण" म्हटलं आणि मी वाण्याकडून सुक्या वाट्या घेऊन आलो. सोलकढीचा बेत होता. अजून आठवण काढतात 😀

सईची_आई

काटा मिळाला! शेजारच्या मावशींच्या मुलाकडे होता, तो जिमला जातो. तर माझी नेहमीची वाटी, हाताने दाबून भरते तशी, १२० ग्राम भरली. तीच वाटी सैल भरली तर ८५. मला विश्वासच बसेना, दोनदा मोजलं. म्हणजे नुसत्या भरण्याच्या पद्धतीत ३५ ग्रामचा फरक पडतो?

पाणी किती ते कसं काढायचं सांगा ना, करून बघते.

विळीखवणी

हो, आणि त्या ३५ ग्राम चवात जवळपास १२ ग्राम फॅट आहे, अडीच छोटे चमचे तेलाइतकं. तुला आढळलेले आकडे ३० आणि ९० का होते त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

आता पाणी. बरोबर ५० ग्राम चव घे, रुंद ताटलीत पातळ पसर. ओव्हन असेल तर १०० डिग्रीवर ठेव, दर वीस मिनिटांनी हलव. गार करून वजन कर, पुन्हा पंधरा मिनिटं ठेव, पुन्हा वजन कर, वजन कमी व्हायचं थांबलं की झालं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, पण तिथे लक्ष हवं. बदामी रंग यायला लागला म्हणजे आच जास्त झाली, आणि कढई तळाला तेलकट दिसायला लागली तर तेल सुटून कढईला लागलंय, ते काट्यावर येणार नाही. पांढरं आणि कुरकुरीत राहिलं पाहिजे. उरलेल्या वजनाला ०.६४ ने गुण, ते तुझ्या ५० ग्राममधलं फॅट. प्रयोगशाळेइतकं काटेकोर येणार नाही, ग्राम दीड ग्राम इकडे तिकडे होईल, पण घरच्या चटणीला पुरे.

परदेशी_पक्षी

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे आम्ही बहुतेक फ्रोझन खवलेला नारळ वापरतो, त्यामुळे काम सोपं, पाकिटावर लिहिलेलं असतं तेच घ्यायचं. पण मी एकदा चांगलाच फसलो होतो ते सांगतो. फ्रोझन संपला होता म्हणून बेकिंगसाठी आणलेला डेसिकेटेड कोकोनट वापरला, बिनसाखरेचा, कोमट पाण्यात भिजवून. एक वाटी ओल्याला एक वाटी कोरडा. भिजून फुगला, चटणी दाट झाली म्हणून अजून पाणी घातलं, झकास लागली, मी रोजच्यासारखी खाल्ली. नंतर पाकीट वाचलं तर १०० ग्रामला ६५ ग्राम फॅट! मी डायबेटिक आहे, वजनावर लक्ष ठेवून असतो, म्हणून एवढं मनाला लागलं. आता ताई म्हणतात तसं गणित कळलं, त्यात पाणीच नाही ना.

विळीखवणी

@परदेशी_पक्षी अगदी बरोबर. १०० ग्राम ओल्या चवाच्या जागी ५२-५५ ग्राम डेसिकेटेड घ्या आणि बाकी पाणी घाला, फॅट तेवढंच राहील. भिजवल्याने वजन वाढतं, फॅट वाढतही नाही कमीही होत नाही.

चेन्नईत_मराठी

बारा वर्षं चेन्नईत आहे म्हणून सांबाराबद्दल लिहिते. सईच्या मावशी करतात ते बहुधा अरचुविट्ट सांबार, म्हणजे वाटण लावलेलं. धणे, चणाडाळ, सुक्या मिरच्या, थोडी मेथी आणि खवलेला नारळ चमचाभर तेलावर परतायचा, वाटायचा आणि उकळत्या सांबारात घालायचा. केरळात नारळ अजून गडद भाजतात. इथे रोजच्या सांबारात नारळ नसतो, पावडरच घालतात, वाटणाचं सणावाराला किंवा पाहुण्यांना. उडुपी पद्धतीच्या सांबारातही नारळाचं वाटण असतं आणि थोडा गूळ.

माझा अंदाज आहे की नारळ भाजल्यावर तेल निघून जात असेल, कारण वास आणि चकाकी येते. म्हणजे भाजलेला नारळ हलका का?

विळीखवणी

नाही, उलट आहे. भाजताना पाणी उडतं, तेल जागेवरच राहतं, थोडं वर येतं म्हणून चकाकतं, आणि ते कढईला जे लागतं ते तू वाटणात पुसूनच घेतेस ना. इथे लोक एक चूक हमखास करतात. भाजून झाल्यावर वजन करतात. ५० ग्राम चव भाजल्यावर ३० ग्रामच्या आसपास उरतो, मग ३० ग्रामला ओल्या नारळाचा आकडा लावतात आणि फॅट निम्म्याच्या जरा वर येतं. वजन नेहमी भाजण्याआधी करायचं.

माटुंगाकर

या सगळ्या घरच्या गोष्टी झाल्या. मी माटुंग्यात लहानाचा मोठा झालो, शाळेत जाताना इडली चटणीचा वास. पण हॉटेलात चटणीचा वाडगा किती नारळाचा आणि किती डाळ्याचा हे तुम्ही काढणार कसं? पातळ चटणी असली की नारळ कमी समजायचं का?

दाणेकूट

पातळ म्हणजे कमीच की. पाणी जास्त म्हणजे फॅट कमी, ताईंनीच सांगितलं.

विळीखवणी

पातळ चटणीच्या एका चमच्यात कमी, हे खरं. पण माणूस पातळ चटणी चमच्याने नाही, वाटीने खातो, इडली बुडवून. आणि डाळं जास्त घातलेली चटणी तितकीच दाट दिसते, कारण डाळं पाणी धरून ठेवतं. त्यामुळे दिसण्यावरून सांगता येत नाही. जिभेवर थोडा अंदाज येतो, डाळ्याची जरा पिठूळ लागते, आणि नारळाची फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी आळून वर पांढरट कण दिसतात, कारण खोबरेल २४-२५ डिग्रीच्या खाली घट्ट होतं. पण त्याला आकडा लावणं मला जमणार नाही.

सईची_आई

झालं माझं! काल रात्री ओव्हनमध्ये केलं. ५० ग्राम चव, शेवटी २९ ग्राम उरला, दोनदा लागोपाठ २९च. म्हणजे २९ × ०.६४ = १८.५ ग्राम फॅट, १०० ग्रामला ३७. दोन्ही तक्त्यांच्या बरोबर मध्ये! नारळ बाजारातला, सोललेला, कधीचा होता माहीत नाही.

आणि आज सकाळी चटणी करून झाल्यावर भांड्यासकट वजन केलं, भांड्याचं वजन वजा केलं, २९० ग्राम झाली. बाबांना नेहमीसारखी वाढली आणि त्यांची वाटी काट्यावर ठेवली, ते हसत होते माझ्याकडे बघून, म्हणाले सोन्याचा भाव काढतेस का. ७५ ग्राम आली. आता पुढे?

विळीखवणी

शाब्बास. आता बघ, पुढचं सगळं बेरीज भागाकार.

तुझ्या १२० ग्राम चवात ३७ च्या हिशोबाने ४४ ग्राम फॅट. नारळाच्या कॅलरी १०० ग्रामला साधारण ३९५ धर, कारण ३७ ग्राम फॅटच्याच ३३३ होतात आणि पिष्ट नि प्रथिनांच्या वरच्या साठेक. म्हणजे १२० ग्रामच्या ४७५. डाळं दोन मोठे चमचे म्हणजे २० ग्राम, त्याच्या ७५ कॅलरी आणि फॅट एक ग्राम. फोडणीचं दोन छोटे चमचे तेल म्हणजे ९ ग्राम, सगळंच फॅट, ८० कॅलरी. मिरची कोथिंबीर आलं लिंबू यांचं धरू नकोस. एकूण फॅट ५४ ग्राम आणि ६३० कॅलरी, २९० ग्राम चटणीत.

बाबांच्या ७५ ग्रामला साधारण १४ ग्राम फॅट आणि १६३ कॅलरी. त्याच्या शेजारी चार इडल्या ठेव. एका इडलीत कोरडं तांदूळ उडीद मिळून १५ ग्राम असेल तर पन्नासेक कॅलरी, चार मिळून २००, आणि फॅट चारात मिळून ग्रामभरही नाही. म्हणजे ताटात कॅलरी इडली आणि चटणीत जवळपास वाटल्या जातात, पण फॅट जवळजवळ सगळं चटणीत.

दाणेकूट

१४ ग्राम म्हणजे काय फार नाही. माणसाला दिवसाला कितीतरी लागतं. आणि मी म्हटलं तसं नारळाचं फॅट वेगळं असतं, त्यात मीडियम चेन म्हणजे मध्यम साखळीचं फॅट असतं.

विळीखवणी

@दाणेकूट, तुमची दोन वाक्यं बरोबर आहेत. कोलेस्टेरॉल नसतं हे खरं. आणि मीडियम चेन वेगळ्या मार्गाने जळतं हेही खरं. पण खोबरेलात जवळपास निम्मं असतं लॉरिक नावाचं आम्ल, त्याला कागदावर मीडियम चेन म्हटलं तरी शरीरात त्यातलं बरंच लांब साखळीच्या फॅटसारखंच वागतं. ज्या तेलावर ते मीडियम चेनचे प्रयोग झाले ते कारखान्यात खास वेगळं काढलेलं होतं, नारळाची चटणी नव्हे.

आणि नारळाच्या फॅटपैकी जवळपास नव्वद टक्के सॅच्युरेटेड. बाबांच्या वाटणीत ३१ ग्राम चव येतो, त्यात ११.५ ग्राम फॅट, त्यातलं दहाएक ग्राम सॅच्युरेटेड. जागतिक आरोग्य संघटना म्हणते सॅच्युरेटेड दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, दोन हजार कॅलरीला ते २२ ग्राम होतं. ६८ वर्षांचा, कमी खाणारा माणूस दोन हजारही घेत नसेल, त्याची मर्यादा अजून कमी. म्हणजे एका नाश्त्यात अर्धी संपली. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला डॉक्टर याहून कमी सांगू शकतात, तो आकडा त्यांनाच विचार, सई.

निमिष७७

आणि शेंगदाण्याच्या चटणीचं? आमच्याकडे आईने नारळ बंद करून दाणे सुरू केलेत, हलके म्हणून.

विळीखवणी

वजनाला वजन घेतलं तर हलके नाहीत. १०० ग्राम दाण्यात ४० ते ५० ग्राम फॅट, कारण दाणे कोरडे, त्यात पाणीच नाही. कॅलरीही साडेपाचशेच्या वर. एक वाटी चवाच्या जागी एक वाटी कूट घातलं तर फॅट वाढलं. पण दाण्यातलं सॅच्युरेटेड फारच कमी, सहासात ग्राम. त्यामुळे हृदयासाठी बदल करायचा असेल तर दाण्यात अर्थ आहे, वजन कमी करायला म्हणून केला असेल तर नाही. दाणेकूट यांनी "हलकी" म्हटलं तिथे मला हे वेगळं करून सांगावंसं वाटलं.

दाणेकूट

हे मला माहीत नव्हतं. मी वजनासाठीच करत होतो. चार महिन्यांत काट्यावर फरक का नाही ते कळलं.

चेन्नईत_मराठी

सांबाराचं राहिलं.

सईची_आई

हो हो, मावशींकडून माप घेतलं. त्या सहा वाट्यांच्या सांबाराला ५० ग्राम चव घेतात (भाजण्याआधी वजन केलं ताई!). बाकी माझंच: तूरडाळ १०० ग्राम, भोपळा शेवगा कांदा मिळून पाव किलो, तेल तीन छोटे चमचे, गुळाचा खडा, चिंच, मसाला. मी जमवलेला हिशोब तपासा: डाळीचे ३३५, भाज्यांचे ८०, तेलाचे १२०, गूळ चिंच मसाला मिळून ९०, एकूण ६२५ कॅलरी, फॅट १६ ग्राम. सहा वाट्या म्हणजे वाटीला १०४ कॅलरी आणि पावणेतीन ग्राम फॅट. नारळ घातला तर ५० ग्रामचे १९८ कॅलरी आणि साडेअठरा ग्राम फॅट वाढले, मग वाटीला १३७ कॅलरी आणि पावणेसहा ग्राम फॅट. बरोबर आहे का? म्हणजे कॅलरी तिसऱ्या हिश्शाने वाढल्या पण फॅट दुप्पट झालं.

विळीखवणी

बरोबर आहे. आणि बघ, मावशींचं सांबार अगदी नारळ घातलेलं असूनही वाटीला पावणेसहा ग्राम, तुझ्या चटणीच्या वाटीपेक्षा निम्म्याहून कमी. बाबांना ते आवडत असेल तर तिथे काटछाट करण्यापेक्षा चटणीत कर.

अण्णा_दापोली

चटणीत नारळ कमी करायचा म्हणजे चटणी कशाची राहिली. मला हे पटत नाही हो. दुधासाठी पिळून घेतलेला चोथा असतो ना, आमची आई तो वाया न घालवता सुक्या चटणीत घालायची. दूध काढलं की तेल गेलं, चोथ्याची चटणी करा, नारळाची चव राहील.

परदेशी_पक्षी

अण्णा, ही कल्पना भारी आहे. पण चोथ्यात उरतं किती?

विळीखवणी

ते मला घरच्या पद्धतीने काढता येत नाही. वाळवून वजन केलं तरी कोरड्या भागात फॅट किती तो आपला ०.६४ चालणार नाही, कारण दुधाबरोबर तेल गेलं आणि तंतू मागे राहिले. हाताने पिळलं, मिक्सरला किती वेळ लावलं, पाणी किती गरम घेतलं यावर बदलतं. बरंचसं तेल चोथ्यात राहतंच, एवढं नक्की. आणि चोथ्याची चटणी कोरडी पडते, रवाळ लागते.

अण्णा_दापोली

रवाळ लागते हे कबूल. पण खाल्ल्याशिवाय बोलू नका.

सईची_आई

मी आज दुसरा प्रयोग केला. चव १२० ऐवजी ६०, डाळं २० ऐवजी ४०, फोडणीचं तेल एकच छोटा चमचा, आणि पाणी वाढवून वजन तेच २९० ग्राम. हिशोब: नारळाचं २२, डाळ्याचं दोन, तेलाचं साडेचार, म्हणजे फॅट साडेअठ्ठावीस ग्राम. कॅलरी २३७ + १४८ + ४० = ४२५. बाबांच्या ७५ ग्रामला सव्वासात ग्राम फॅट आणि ११० कॅलरी. फॅट निम्मं झालं, कॅलरी तिसऱ्या हिश्शाने कमी.

पण बाबांनी पहिल्या घासाला ओळखलं. म्हणाले ही डाळ्याची चटणी आहे, नारळ लपून बसलाय. आणि मग वाटी पुन्हा पुढे केली, "अजून वाढ", म्हणजे ७५ ची ११० ग्राम झाली. ११० ग्रामला फॅट १०.८. आधीच्या १४ च्या जवळच आलो की!

माटुंगाकर

पाण्याने फसवता येतं, पोटाला नाही. काकांना शुभेच्छा.

चेन्नईत_मराठी

सई, डाळं वाढवताना थोडं आलं नि कोथिंबीर जास्त घाल, आणि चव शेवटी घालून एकदाच फिरव, पार गंध करू नकोस. नारळ जाडसर राहिला की दाताला लागतो आणि कमी असूनही जास्त वाटतो. आमच्या शेजारच्या पाट्टी असंच करतात.

विळीखवणी

चेन्नईकरांचं मला पटलं, करून बघ. ८० ग्राम चव आणि ३० डाळं हा मधला आकडाही लिहून ठेव, फोडणी एका चमच्याची. त्याचं मी काढलेलं एकूण फॅट ३६ ग्राम, ७५ ग्राम वाटीला सव्वानऊ ग्राम. आणि वाढताना भांडं टेबलावर ठेवू नकोस, वाटीत वाढून भांडं आत ने.

सईची_आई

उद्याच करते. बाबांना विचारलं, ते म्हणाले भांडं आत नेलंस तर मी आत येईन. पण सांबार मावशींसारखं करणार म्हटल्यावर तयार झाले, एक वाटी चटणी आणि दोन वाट्या सांबार यावर सौदा झालाय. सव्वानऊ आणि दोनदा पावणेसहा म्हणजे पावणेएकवीस होतात ना? आधी चटणी आणि माझं साधं सांबार दोन वाट्या मिळून साडेएकोणीस होतं. मग वाढलंच की!

विळीखवणी

वाढलं, सव्वा ग्रामने. सांबाराच्या वाटणात नारळ ५० ऐवजी २५ घे, मग वाटीला सव्वाचार, दोन वाट्यांचे साडेआठ, चटणीसकट पावणेअठरा. आणि तो आकडा डॉक्टरांना दाखव.